गुलाबासाठी केळी

आमचे हे, महिपतराव, अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि गॅलरीतल्या गुलाबाच्या मागे लागले. सकाळी खायचंही सोडलं होतं त्यांनी, भूकच लागत नाही म्हणायचे. शेजारच्या अय्यरबाईंकडून कॉफीचा चोथा काय मागायचे! साखरेसकट चहाचा चोथा कुंडीत ओतला, तर मुंग्या माझ्या ओट्यापर्यंत आल्या. अंड्यांची टरफलं अख्खीच खोचली, ती वर्षभर तशीच. शेवटी केळ्यांच्या साली पुरायला लागले. साली हव्यात म्हणून रोज दोन केळी खायचे. कुंडीवर चिलटं घोंगावत होती, मी तर वैतागलेच!

बारवी धरणाकडून रोपं विकायला येणारी तानी कुंडी बघून हसली. "काकी, चोथा धुवून घ्या, टरफलांचा भुगा करा, साली चिरा. सगळा सुक्या पाल्यात कुजवा, मंग मातीत घाला. पन याला ऊन कुठंय? उन्हाबिगर फूल नाय यायचा."

यांनी लगेच भोकं पाडलेल्या डब्यात सगळं कुजत घातलं. उन्हाचं मात्र मनावरच घेतलं नाही. मग कपडे वाळत घालायला अडचण होते असं सांगून मीच कुंडी कठड्याजवळच्या उन्हात सरकवली.

दोन महिन्यांनी तीन कळ्या आल्या. डब्यातलं खत अजून अर्धं कच्चंच होतं.

"बघितलंस? केळ्याची कमाल!" हे ओरडले.

'उन्हाची कमाल' असं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर बाळसं आलेलं दिसत होतं.

"केळ्याचीच हो," मी म्हटलं आणि आणखी दोन केळी त्यांच्यापुढे ठेवली.