कोरा पडदा

यवतच्या स्टुडिओत प्रगती भैरूमामांच्या ओवीचा लिरिकल व्हिडिओ, म्हणजे गाण्याबरोबर पडद्यावर ओळी दाखवणारा, बनवत होती. ओवी ऐकता ऐकता, ओळ सुरू झाली की ती बटण दाबायची आन् ती वेळ ओळीपुढं नोंदली जायची. पण लावून बघितलं, तर प्रत्येक ओळ आवाजाच्या मागून येत होती.

“आता समदं पुन्हा?” शेजारी बसलेले मामा वैतागले.

“न्हाई मामा. ऐकून बोट दाबेस्तोवर उशीर हुतोच. समद्या वेळा तेवढ्याच आधी घेते.”

ओळी आवाजाला चिकटल्या. ओवीतली आईवरची ओळ संपली आन् पडदा कोरा झाला.

“हितं चुकलीस!”

“न्हाई. हितं गाताना तुम्ही गळा दाटून थांबला व्हता, म्हनून पडदा कोरा ठेवला. पुढची ओळ तुम्ही गाल तवाच येईल.”

मामांनी पटक्याचं टोक डोळ्यांना लावलं.

“लोकांनी माझं गाणं ऐकलं, पोरी. माझं थांबणं तू ऐकलंस.”