c₂ च्या पुढचा एक्स

भंडाऱ्याच्या कॉलेजात गणिताचे विभागप्रमुख प्रा. वासुदेवराव गिऱ्हेपुंजे यांना लोक विद्वान म्हणत, आणि त्यांनी कधी कोणाला अडवलं नाही. त्यांचं एक गाइड छापलेलं होतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला डिफरन्शियल इक्वेशनचा पेपर असे आणि त्यासाठी जिल्ह्यातली पोरं हेच गाइड घेत. दुसरं मिळत नव्हतं, हे लोकप्रियतेचं एक कारण. दुसरं कारण असं की चाचणीचे पेपर वासुदेवराव स्वतः तपासत, आणि गाइडात नसलेलं उत्तर त्यांना दिसतच नसे.

१९७९ च्या पावसाळ्यानंतर चंद्रकांता लांजेवार तिथं लेक्चरर म्हणून लागली. वडील जवाहरनगरच्या फॅक्टरीत फोरमन, क्वार्टर तिथलंच. नागपूरहून एम.एस्सी. करून आली होती. आल्याबरोबर वासुदेवरावांनी तिला बजावलं, "मॅडम, नवं काही शिकवू नका. पोरं गोंधळतात. गाइड आहे ना."

ती शिकवायला लागली आणि गाइडही उघडलं. ही तिची पहिली चूक.

सहगुणक स्थिर असलेली दुसऱ्या कोटीची समीकरणं हा धडा तिचा आवडता. त्यात एक सोपी युक्ती आहे. उत्तर e^(mx) असेल असं धरायचं. मग प्रत्येक डेरिव्हेटिव्ह घेताना फक्त एक m बाहेर येतो, आणि सगळं भारीभरकम समीकरण एका शाळकरी वर्गसमीकरणावर येऊन बसतं. त्याला ऑक्झिलरी इक्वेशन म्हणतात. त्याची दोन मुळं काढली की काम झालं. y″ + 5y′ + 6y = 0 असेल तर मुळं −2 आणि −3, उत्तर c₁e^(−2x) + c₂e^(−3x). मुळं काल्पनिक निघाली तर साइन आणि कोसाइन येतात. गाइडात इथपर्यंत सगळं ठीक होतं.

मग ती तिसऱ्या प्रकाराच्या पानावर आली. मुळं दोन्ही सारखीच निघाली तर काय? y″ + 4y′ + 4y = 0. मुळं −2 आणि पुन्हा −2. गाइड म्हणत होतं: y = (c₁ + c₂)e^(−2x).

चंद्रकांताने आधी डोळे चोळले, मग पान उजेडात धरलं, मग मुखपृष्ठावरचं लेखकाचं नाव पुन्हा वाचलं. छापखान्याने c₂ च्या पुढचा एक्स खाल्ला असेल, असं तिनं मनाशी उदारपणे ठरवलं. पण खालची तिन्ही सोडवलेली उदाहरणंही त्याच पद्धतीची होती. एवढी नियमित भूक छापखान्याला नसते.

तिनं वर्गात जे बरोबर होतं तेच शिकवलं: (c₁ + c₂x)e^(−2x). पोरांनी लिहून घेतलं. दुपारी वासुदेवरावांच्या तासाला त्याच पोरांनी एक्स वगळून लिहून घेतलं. सकाळी एक्स आणि दुपारी एक्स नाही, एवढं पोरांना सहज झेपत होतं. ती सगळी मोठ्या सोयीची माणसं होती.

सोयीचा नव्हता तो फक्त करडी गावचा भोजराज. त्याने चाचणीत वासुदेवरावांच्या प्रश्नाला मॅडमचं उत्तर लिहिलं. प्रश्न असा होता: y″ + 4y′ + 4y = 0, आणि x शून्य असताना y शून्य, y′ एक. भोजराजने काढलं: y = xe^(−2x). वासुदेवरावांनी लाल शाईने शून्य दिलं, आणि शून्याखाली लिहिलं: 'एक्स कुठून आणला?'

भोजराज पेपर घेऊन चंद्रकांताकडे आला. "मॅडम, तुम्हीच तं सांगतलं होतं. मले शून्य काहून?"

ती पेपर घेऊन स्टाफरूममध्ये गेली. वासुदेवराव चहा बशीत ओतत होते.

"सर, याचं उत्तर बरोबर आहे. तुमचं नमुना उत्तर काय होतं?"

"y बरोबर शून्य," वासुदेवराव म्हणाले. "पहिल्या अटीने c₁ + c₂ शून्य. म्हणजे सगळंच शून्य. सरळ आहे."

"आणि दुसरी अट? y′ एक असायला पाहिजे. y सगळीकडे शून्य असेल तर y′ सुद्धा शून्यच. शून्य बरोबर एक होत नाही, सर."

वासुदेवरावांनी बशी खाली ठेवली. "ती अट जास्तीची आहे, मॅडम. परीक्षक पोरायले फसवायले देतात अशा अटी. तुम्ही अजून नवीन आहा."

हा प्रश्न त्यांनी जुन्या युनिव्हर्सिटी पेपरातून जसाच्या तसा उचलला होता, तेव्हा ती फसवणूक नेमकी कोणाची झाली हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं. तिनं गिळलं. नोकरीत अजून कायम झालेली नव्हती.

प्रकरण प्राचार्यांकडे गेलं. प्राचार्य यादोराव हटवार इतिहासाचे. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, डोळे मिटले आणि म्हणाले, "दोघंही आपापल्या जागी बरोबर आहा. असं करू, एक्स ऐच्छिक ठेवू."

"ऐच्छिक?" चंद्रकांता म्हणाली.

"ज्याला लिहायचा त्याने लिहावा. न लिहिणाऱ्याचे मार्क कापू नये, लिहिणाऱ्याचेही कापू नये. उगाच ताणायचं कायले?"

गणितात असं चालत नाही, हे तिनं सांगून पाहिलं. इतिहासात चालतं, असं प्राचार्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. शेवटी त्यांनी आणखी एक तोड काढली. दोघांनी मिळून एक संयुक्त तास घ्यावा, म्हणजे कॉलेजात मतभेद नाहीत असं पोरांना दिसेल. मतभेद दाखवायचा याहून चांगला बेत कोणाला सुचला नसता.

संयुक्त तासाला वर्ग भरून बाहेर व्हरांड्यातही पोरं उभी होती. गणिताला एवढी गर्दी कॉलेजच्या इतिहासात झाली नव्हती. वासुदेवरावांनी खडू घेतला आणि वेगळ्या मुळांचं उदाहरण झरझर सोडवलं. मग y″ + 2y′ + 5y = 0 घेतलं; मुळं −1 ± 2i, उत्तर e^(−x)(c₁ cos 2x + c₂ sin 2x). एक चूक नाही. हात सरावलेला होता, एवढं चंद्रकांताला मान्य करावंच लागलं. मग त्यांनी सारख्या मुळांचं समीकरण लिहिलं आणि शेजारी उत्तर लिहिलं. एक्स नव्हता.

"सर," चंद्रकांता म्हणाली, "c₁ पाच आणि c₂ तीन घेतले तर?"

"आठ e चा घात वजा दोन एक्स."

"सहा आणि दोन?"

"आठच."

"सात आणि एक?"

मागच्या बाकावरून कोणीतरी खुसखुसलं. वासुदेवराव वळून पाहू लागले तशी खुसखुस थांबली, पण त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"म्हणजे ते दोन स्थिरांक नाहीत, सर. एकच आहे, दोन नावांचा. दोन अटी पाळायच्या तर दुसरं, खरंच वेगळं उत्तर लागेल."

"आणि ते कुठून आणता? आभाळातून?"

"y बरोबर v गुणिले e^(−2x) घेऊन पाहा. v हा एक्सचं कोणतंही फलन. समीकरणात टाका."

"टाकतो ना!" वासुदेवराव गरजले. "काही निघत नाही त्यातून, आत्ता सर्वांसमोर करून दाखवतो." आणि ते खरोखरच लिहू लागले. y′ मध्ये v′ − 2v. y″ मध्ये v″ − 4v′ + 4v. मग y′ ची चारपट मिळवली, y ची चारपट मिळवली. खडू टकटक वाजत होता. −4v′ आणि +4v′ कटले. 4v, −8v, 4v, सगळे मिळून शून्य. त्यांनी मोठ्या समाधानाने रेघा मारल्या. "पाहा! सगळं कटलं. उरलं काय? v″ बरोबर शून्य."

"मग v काय, सर?"

वासुदेवरावांनी एकदा इंटिग्रेट केलं: v′ = c₂. पुन्हा इंटिग्रेट करायला खडू फळ्यावर टेकवला, v = c₁ + c₂ इथपर्यंत लिहिलं आणि हात थांबला.

चंद्रकांता फळ्याच्या अगदी जवळ उभी होती, म्हणून तिला त्यांचा चेहरा दिसला. पोरांना पाठ दिसत होती. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्या घराच्या भिंतीत आपल्यालाच माहीत नसलेला दरवाजा सापडल्यावर माणूस जसा बघेल, तसे ते त्या c₂ कडे बघत होते. त्यांनाही कोणीतरी असंच लिहून दिलं असणार, तिला वाटलं. त्यांनी उतरवून घेतलं, आणि विचारायला कोणी नव्हतं. तिच्या मनात जिंकल्याचा जो काही ऐवज जमत होता तो जरासा पातळ झाला.

खडू हलला. त्यांनी एक्स लिहिला. सावकाश, नीट वळण देऊन.

मग ते वर्गाकडे वळले, हात झटकले आणि म्हणाले, "इतकी वर्षं मी हेच सांगून राहिलो. तुम्ही लक्ष देत नाही."

वर्गाने ते मुकाट लिहून घेतलं. चंद्रकांताचा ऐवज पुन्हा घट्ट झाला.

भोजराज उभा राहिला. "सर, मग माह्या शून्याचं काय?"

"बेरीज चुकली असेल. पाहून घेतो," वासुदेवराव म्हणाले. भोजराजचे मार्क खरोखर वाढले, आणि कारण म्हणून 'बेरजेतील चूक' अशी नोंद झाली. एका प्रश्नाची बेरीज, ज्यात एकच आकडा होता.

त्याच आठवड्यात वासुदेवराव स्टाफरूम रिकामी पाहून तिच्याजवळ आले. त्यांनी दार लोटून घेतलं आणि खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, एक विचारतो. काल्पनिक मुळं असली की साइन-कोसाइन येतात. मी पाठ केलेलं लिहितो. पण येतात काहून?"

तिला उत्तर नाकारता आलं असतं. पण असा सरळ प्रश्न त्या स्टाफरूममध्ये तिनं पहिल्यांदाच ऐकला होता. तिनं कागद ओढला. e^(2ix) म्हणजे cos 2x + i sin 2x. e^(−2ix) मध्ये साइनचं चिन्ह उलटं. दोन्हींची बेरीज करून अर्धी केली की निव्वळ कोसाइन, वजाबाकी करून 2i ने भागलं की निव्वळ साइन. "काल्पनिक भाग निघून जातो, सर. दोन खरी उत्तरं हातात राहतात."

"अच्छा," वासुदेवराव म्हणाले. जरा वेळाने पुन्हा म्हणाले, "अच्छा." आणि कागद खिशात घालून गेले. आभार मानायचे राहिले; पण ते दुसऱ्या दिवशीही आले, आणखी एक प्रश्न घेऊन. तिसऱ्या दिवशी चहा त्यांनी सांगितला.

पुढच्या जूनमध्ये गाइडची 'सखोल संशोधनानंतर सुधारलेली' दुसरी आवृत्ती निघाली. प्रस्तावनेत प्रकाशकाचे, प्राचार्यांचे आणि पत्नी सौ. रुखमिणी यांचे आभार होते. चंद्रकांताने आपलं नाव शोधलं नाही, असं तिनं वडिलांना सांगितलं. दोनदा शोधलं होतं. सारख्या मुळांचं पान मात्र बिनचूक होतं.

मग तिनं मागचं पान उलटलं. वेगळ्या मुळांचं उत्तर छापलं होतं: c₁e^(−2x) + c₂xe^(−3x). काल्पनिक मुळांच्या पानावर c₂x sin 2x. वासुदेवरावांनी छापखान्याला निरोप पाठवला होता, 'c₂ च्या पुढे एक्स टाका.' छापखान्याने सगळ्या पुस्तकभर, जिथं जिथं c₂ दिसला तिथं तिथं, इमानाने एक्स टाकला होता. प्रुफं लेखकाने वाचली नव्हती. स्वतःचंच पुस्तक, त्यात नवं काय असणार?

ती पुस्तक घेऊन त्यांच्यासमोर गेली. वासुदेवरावांनी पान पाहिलं. मग पुढचं पाहिलं. पुढच्या पानांना हात लावायचं धाडस त्यांना होईना.

"हे तं सगळीकडे शिरलं, मॅडम," ते खालच्या आवाजात म्हणाले. "आता काय करावं?"

चंद्रकांताला हसू आवरेना. ती खुर्चीत बसून मनसोक्त हसली, आणि थोड्या वेळाने तेही हसायला लागले. नाइलाजाने का होईना, पण पोट धरून.

"वर्गात जाऊ," ती म्हणाली. "तुम्ही एक पान घ्या, मी एक घेते. प्रत्येक उत्तर समीकरणात घालून पाहू द्या पोरांना. जे बसत नाही त्याच्यावर काट मारायची."

"पोरं हसतील."

"हसू द्या. सोडवतील तरी."

त्यांनी मान हलवली, टेबलावरचे दोन खडू उचलले आणि त्यातला लांब तिला दिला.