उशीवाल्या ताईंची यादी

उशीवाल्या ताईंच्या उशीवर डोकं ठेवलं की माणूस गार. एकदा एक गिऱ्हाईक तीन दिवस झोपलं, उठलं तर दाढी पोटाला लागलेली! खोटं वाटत असेल तर त्याच्या न्हाव्याला विचारा.

तर ताईंच्या सूनबाईंनी खूश गिऱ्हाइकांसाठी ताईंच्याच व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज लिहिला:

"नमस्कार! आमच्या उशीबद्दल तीस-चाळीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवाल का? फोन उभा धरा, उजेड तोंडावर येऊ द्या. एवढंच सांगा: तुमचं नाव आणि काय घेतलंत? आधी काय त्रास होता? आता काय फरक पडला? चुकलात तरी चालेल. दुकानाच्या पेजवर टाकायला परवानगी असेल तर सोबत 'हो' लिहा."

"यादी करून एकदमच पाठवते," सूनबाई म्हणाल्या. "पण असा मेसेज ज्यांच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह आहे, त्यांनाच पोचतो. बाकीच्यांच्या नावापुढे एकच टिक राहते; पोचला तरच दोन."

ताईंच्या हातातला कापूस हातातच राहिला. धाकटी बहीण भांडून गेली त्याला अकरा वर्षं झाली होती. जाताना काखोटीला ताईंनीच शिवलेली उशी होती. फोन करायची हिंमत ताईंना कधी झाली नाही. पण नंबर तिनं ठेवलाय की पुसलाय, एवढं तरी कळेल!

"धाकटीलाही घाल यादीत."

"अहो आई, खूश गिऱ्हाईक म्हटलंय मी!"

"उशी परत केलीय का तिनं? मग खूशच."

मेसेज गेला. ताईंनी बहिणीचं नाव उघडलं. एक टिक. ताईंनी चार उशा भरल्या, त्यातली एक इतकी ठासून की तिच्यावर हत्ती बसला असता. पुन्हा पाहिलं.

दोन टिका.

"ठेवलाय गं बयेनं!" ताईंनी फोन सूनबाईंच्या नाकासमोर धरला.

दोन दिवसांत सात व्हिडिओ आले. आठवा बहिणीचा. केस पांढरे, मांडीवर तीच उशी.

"नाव तुला माहीत आहे. घेतली उशी, न विचारता. आधीचा त्रास म्हणजे, तू घोरायचीस. आता..." तिनं उशी थोपटली. "आता घोरणं ऐकू येत नाही, तर झोप लागत नाही. उशीचा दोष नाही, उशी चांगली आहे."

खाली लिहिलं होतं: पेजवर नको.

"हा आपल्या काही उपयोगाचा नाही," सूनबाई हळूच म्हणाल्या.

"तुझ्या नसेल," ताई म्हणाल्या, आणि त्यांनी तो नऊ वेळा पाहिला.

मग खिडकीशी जाऊन त्यांनी फोन उभा धरला. उजेड तोंडावर घेतला.

"अकरा वर्षांत कापसाच्या गाठी झाल्या असतील," त्या म्हणाल्या. "नवा भरून देते. पण कुरियरनं पाठवू नकोस. घेऊन ये."

पाठवला. दोन टिका लगेच आल्या. ताई दाराकडे तोंड करून कापूस पिंजायला बसल्या.