रात्रपाळीचं वजन

तिला घरात सगळे काडी म्हणत. लहानपणी वारा आला तर उडून जाईल अशी होती म्हणून धाकट्या भावानं ठेवलेलं नाव. आता वय त्रेचाळीस, वजन शहाऐंशी किलो, तरी नाव काही सुटलं नव्हतं. नवीन माणसाला ते ऐकून हसू यायचं. काडी स्वतःच आधी हसून घ्यायची, म्हणजे समोरच्याला अवघडल्यासारखं होत नसे.

रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात ती फोन घ्यायची. कानाला हेडफोन, समोर संगणकाचे दोन पडदे, पलीकडे घाबरलेली माणसं. पत्ता विचारायचा, श्वास चालू आहे का विचारायचं, गाडी येईपर्यंत धीर द्यायचा. अकरा वर्षं तिनं हे काम रात्रीच केलं. सुरुवातीला कारण होतं. आई अंथरुणाला खिळलेली, दिवसा तिच्याजवळ कुणीतरी हवं. काडीचं लग्न झालेलं नव्हतं, भावाचा संसार नवा. मग ठरवायचं काय त्यात? आई जाऊन चार वर्षं झाली, पण रात्रपाळी तशीच राहिली. मला दिवसाची द्या, असं म्हणायचं काडीला कधी सुचलंच नाही. मागणं हा तिचा स्वभावच नव्हता.

त्या वर्षी भावाचं यकृत निकामी झालं. दारूचा थेंब कधी न घेतलेला माणूस. शरीरच आपल्या यकृतावर उलटलंय, असं डॉक्टर म्हणाले. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पाणी, हातापायांच्या काड्या. प्रत्यारोपणाशिवाय मार्ग नाही. यादीत नाव घातलं, पण यादी लांबलचक. वहिनीचा रक्तगट जुळेना, मुलगी अवघी नऊ वर्षांची. काडीचा जुळला.

"अरे, हे तर सोपंच झालं," काडी भावाला म्हणाली. "माझं कापून घे. मला कुठे एवढं लागतं!"

"तुझं नको गं. तुझं घेतलं तर मीही फोनवर लोकांना धीर देत बसेन," तो म्हणाला. हसताना त्याला धाप लागली.

पण सोपं नव्हतं. तपासण्या झाल्या आणि शल्यचिकित्सक डॉक्टरीणबाईंनी काडीला एकटीला आत बोलावलं.

"तुमच्या यकृतात तीस टक्क्यांच्या आसपास चरबी आहे. असा भाग बसवला तर तो नीट काम करेलच असं नाही, आणि कापल्यावर तुमचं उरलेलंही धोक्यात येईल. आज मी तुम्हाला टेबलावर घेऊ शकत नाही."

काडीनं विचारलं, "मग?"

"चरबी उतरते. आठ-दहा आठवड्यांत सात-आठ किलो कमी केलेत तर बहुतेकांची बरीच उतरते. भाऊ तेवढा तग धरेल अशी आशा आहे. लागा कामाला."

काडी लागली. त्याच दिवसापासून तिनं घरचं जेवण जवळजवळ बंद केलं. सकाळी घरी येऊन कपभर दूध, मग पडदे ओढून झोप. झोप म्हणजे तरी काय. दहा वाजता खालच्या मजल्यावर कुणीतरी ठोकाठोकी सुरू करायचं, बाराला ऊन पडद्यातून आत यायचं. चार-साडेचार तास मिळाले तर पुष्कळ. संध्याकाळी एक सफरचंद, थोडी भाजी, आणि कामावर.

पहाटे तीन वाजले की मात्र पोटात आग पडायची. साधी भूक नव्हे. गोड काहीतरी, खारट काहीतरी, आत्ताच्या आत्ता. एखाद्या बाईचा नवरा जमिनीवर पडलेला असायचा, काडी तिला छाती कशी दाबायची ते सांगत असायची, आणि फोन ठेवला की हात आपोआप खणातल्या बिस्किटांकडे जायचा. चार खायची, कधी अर्धा पुडा. सकाळी तिला ते आठवतसुद्धा नसे. दिवसभर उपाशी राहिलेली बाई आपण, एवढंच आठवायचं.

तीन आठवड्यांनी काटा जेमतेम चारशे ग्रॅम खाली आला होता.

त्या संध्याकाळी वहिनी दवाखान्याचे कागद शोधत होती. काडीच्या पिशवीत हात घातला तर बिस्किटांचा पुडा निघाला. अर्धा संपलेला. वहिनीनं तो टेबलावर ठेवला.

"ताई, तो तिकडे दिवस मोजतोय," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "तुम्हाला जमत नसेल तर सांगा तसं. आम्ही दुसरं काही बघू. पण खोटी आशा लावू नका."

काडीला सांगायचं होतं की मी दिवसभर खात नाही. पण पुडा समोर होता. ती तशीच कामावर गेली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंसमोर ती रडली. बाई वयानं लहान होत्या, पण त्यांनी तिला रडू दिलं. मग विचारलं, "काय खाता ते नंतर. आधी सांगा, केव्हा खाता? आणि झोपता केव्हा?"

अकरा वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. बाईंनी चोवीस तासांच्या चोवीस ओळी आखून दिल्या आणि तिनं आठवून आठवून भरल्या. दिवसाच्या ओळी जवळपास कोऱ्या. रात्री बारा ते पाच गच्च: चहा साखरेचा, बिस्किटं, कक्षाबाहेरच्या यंत्रातलं खाऱ्या वेफर्सचं पाकीट, पुन्हा चहा.

"हे तुम्ही चोरून खात नव्हता," बाई म्हणाल्या. "अर्धवट झोप झाली की भूक वाढवणारे संदेश वाढतात, पोट भरल्याचे कमी होतात. गोडावर, तळलेल्यावर जीव जातो. त्यात दिवसभर उपाशी. मग पहाटे कोण टिकेल? दुसरं असं की शरीराला स्वतःचं घड्याळ असतं. रात्री ते साखर नीट जिरवायला तयार नसतं. तेच जेवण दिवसा घेतलं तर रक्तातली साखर कमी चढते, रात्री जास्त. दिवसा झोपून रात्री जागणाऱ्याचं शरीर थोडी कमी ऊर्जा जाळतं, असंही दिसलंय. फरक लहान, पण वर्षानुवर्षं साचतो."

"म्हणजे माझा दोष नाही?"

बाई म्हणाल्या, "रात्रपाळीचे सगळेच जाड होत नाहीत. खुर्चीतलं काम, चहातली साखर, तेही आहेच. एकाच गोष्टीवर बोट नाही ठेवता येणार. पण वाहत्या पाण्याविरुद्ध पोहत होता तुम्ही, आणि लोक विचारत होते की पुढे का जात नाही. दिवसाची पाळी मिळेल?"

त्या दुपारी काडीनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागितलं. पाळ्या लावणाऱ्या साहेबांनी अर्ज हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला. "आता महिन्याचा तक्ता लागलाय. पुढच्या वेळी बघू."

"साहेब, भावाचं…"

"कळतंय मला, बाई. पण दिवसाची जागा काय माझ्या खिशात आहे?"

बारा दिवस तसेच गेले. काडी रात्री डबा नेऊ लागली: उकडलेली अंडी, भाजी, मध्यरात्रीनंतर फक्त पाणी. त्यानं किलोभर उतरलं. तेराव्या दिवशी कक्षातल्या सगळ्यात जुन्या माणसाला, ज्याला सगळे दादा म्हणत, ही गोष्ट कुणाकडून तरी कळली. ते निवृत्तीला आलेले, दहा वर्षांनी कुठे दिवसाची पाळी मिळालेली. काडीच्या टेबलाशी येऊन म्हणाले, "उद्यापासून तुझ्या खुर्चीत मी. माझ्या खुर्चीत तू. साहेबाला मी सांगितलंय."

"दादा, तुम्हाला झेपेल?"

"मला म्हातारा म्हणतेस होय? जा, झोप रात्रीची."

आणि काडी रात्रीची झोपू लागली. पहिला आठवडा झोप येईना; शरीर तीन वाजता टक्क जागं व्हायचं. मग हळूहळू बसली घडी. सकाळी आठला पोटभर न्याहारी, एकला जेवण, सातच्या आत संध्याकाळचं. रोज तासभर झपझप चालणं. भूक शहाण्यासारखी वेळेवर यायची आणि वेळेवर जायची. आठवड्याला किलो, कधी थोडं कमी. सात आठवड्यांनी काट्यावर अठ्ठ्याहत्तर. पुन्हा तपासणी झाली. डॉक्टरीणबाई संगणकाच्या पडद्याकडे बघून पहिल्यांदाच हसल्या. "चरबी नऊ टक्के. पुढच्या मंगळवारी करू."

तिनं भावाला सांगितलं. तो आता फार बोलत नसे. तिच्या मनगटाला त्याची बोटं पुरती वळसा घालत होती का, ते त्यानं बघितलं. नव्हती. "काडी व्हायला अजून वेळ आहे," तो म्हणाला.

"मंगळवारनंतर बघ."

शुक्रवारी त्याला थंडी वाजून ताप भरला. पोटातल्या पाण्यात जंतू झाले होते. शनिवारी रक्तात पसरले. रविवारी डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या की या अवस्थेत शस्त्रक्रिया करता येणार नाही, आधी हे आटोक्यात यायला हवं. काडी म्हणाली, "मी तयार आहे. उपाशीसुद्धा आहे सकाळपासून." डॉक्टरीणबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि सोडला नाही, तेव्हा तिला कळलं.

मंगळवारी पहाटे तो गेला.

ती एकच गोष्ट विचारत राहिली. पहिले तीन आठवडे वाया गेले नसते तर? ते बारा दिवस? डॉक्टरीणबाई खोटं बोलल्या नाहीत. "लवकर झालं असतं तर कदाचित वाचला असता. कदाचित टेबलावरच गेला असता. मला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

भेटायला माणसं येत होती. लांबची मावशी आली, रडली, डोळे पुसले आणि काडीला वरखाली न्याहाळत म्हणाली, "किती बारीक झालीस गं! बरी दिसतेस हो." काडी उठून स्वयंपाकघरात गेली.

वहिनी ओट्याशी पाठमोरी उभी होती. मावशीचं बोलणं तिनंही ऐकलं होतं. "ताई," ती न वळताच म्हणाली, "त्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले…"

"राहू दे."

"नाही राहत."

काडीला क्षमा करायची होती, पण ती कुणाला करायची तेच समजत नव्हतं. भाचीला भूक लागली होती. वहिनीनं तिला वाढलं, काडी तिच्याशेजारी बसली, एवढंच त्या दिवशी जमलं.

दोन आठवड्यांनी ती सकाळी कामावर गेली, हेडफोन चढवला आणि रात्रपाळी संपवून निघालेल्या दादांसमोर चिठ्ठी ठेवली. रात्रपाळीला परत जाते, असं लिहिलेलं. दादांचे डोळे जागरणानं लाल झाले होते, शर्टाची बटणं पोटावर ताणलेली.

"आता कारण संपलं, दादा. तुम्ही दिवसाला या."

दादांनी चिठ्ठी वाचली, घडी घालून तिच्या पुढ्यात सरकवली. "भाऊ गेला, पोरी. तू आहेस अजून. मला निवृत्तीला तीनच महिने उरलेत, ते मी काढीन."

भाऊ गेल्यापासून न फुटलेलं रडं काडीला तिथं, फोनच्या रांगेमध्ये फुटलं. दादांनी तिचा हेडफोन काढून स्वतःच्या कानाला लावला आणि तिला आलेला फोन घेतला. पलीकडे कुणीतरी पत्ता सांगत होतं.