कोरी प्रत

वकिलीच्या पात्रता परीक्षेला कायद्याची पुस्तकं सोबत नेता येतात, पण कोरी. समासात एक टीप दिसली तरी पुस्तक दारातच काढून घेतात. गेल्या वेळी काकूंचं तेच झालं. मर मर मरून लिहिलेल्या टिपा दाराबाहेर राहिल्या आणि काकू नापास झाल्या.

चाळिशी ओलांडलेल्या या ज्युनिअरला वकीलसाहेबांच्या ऑफिसात सगळे काकूच म्हणत. या वेळी त्यांनी टेबलासमोरच्या भिंतीवर तीस दिवसांचा आराखडा चिकटवला. रोज ठरलेली कलमं अपवादांसकट वाचायची आणि पुस्तक मिटून मोठ्याने म्हणायची. शेवटी शेवटी नुसतं कलम झटपट शोधायचा सराव. पुस्तकाला पेन्सिलसुद्धा लावायची नाही.

"पुस्तक समोर असताना घोकंपट्टी कशाला?" साहेब हसायचे.

"कुठे बघायचं ते कळायला."

एकदा काकू कोर्टात फाइल देऊन आल्या, तर साहेब त्यांच्या फौजदारी कायद्याच्या पुस्तकात लाल पेनने रेघा मारत बसलेले. "महत्त्वाचं तेवढं खुणावलंय. बाकीचं सोडा. या वयात एवढं झेपतं का?"

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "पेन खाली ठेवा, साहेब. सोडलेल्यातलंच विचारतात."

त्यांनी ते पुस्तक साहेबांच्या पुढ्यात ढकललं आणि साहेबांच्या कपाटातून त्याच कायद्याची प्रत काढली. तिचं प्लास्टिकही निघालं नव्हतं.

"अहो, ती माझी आहे!"

"म्हणूनच कोरी आहे," काकू म्हणाल्या आणि त्यांनी दातांनी प्लास्टिक फाडलं.