मंगळवारच्या नकला

अ‍ॅडव्होकेट रूपेश ठाकूर यांच्या पनवेलच्या कार्यालयात संगणकावर मुदतींचा एक तक्ता होता, आणि तो इतका देखणा होता की त्यावर शंका घेणे असभ्यपणाचे वाटावे. हिरवी ओळ म्हणजे निवांत, पिवळी म्हणजे सावध, तांबडी म्हणजे धावा. पक्षकारांना तो पडदा वळवून दाखवला जाई. प्राजक्ता तिथे तीन वर्षे ज्युनिअर होती. सुंदर गोष्टींना खोटे बोलण्याची सवलत असते, हे तिला पुस्तकांतून ठाऊक होते. तक्त्याला ते लावून पाहायचे मात्र राहून गेले होते.

त्या सोमवारी दुपारी ठमाबाई वकीलपत्रावर अंगठा द्यायला आली. नेऱ्याच्या पुढे डोंगरालगत तिचे कुडाचे घर. शेजारच्या फार्महाऊसच्या मालकाने ती जागा आपली म्हणून दावा लावला आणि जिंकलाही. निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील करायचे होते. पण मालकाने हुकूमनाम्याच्या बजावणीची, म्हणजे बेलिफ पाठवून जागा ताब्यात घेण्याची, दरखास्त आधीच दाखल केली होती.

"बाय, बेलिफ कदी येनार? मुकादम वीटभट्टीवर बोलावतो. मी गेले नि मागं घर पाडलं, तर?"

"बसा मावशी. आपल्याला पुढच्या सोमवारपर्यंत वेळ आहे," प्राजक्ता म्हणाली. ठमाबाईची ओळ हिरवीगार होती. अपिलाचा मसुदा आठवडाभर तयार होता, आणि त्या हिरवळीच्या भरवशावर पडून होता.

अंगठ्यासाठी तिने फाईल उघडली. निकालाच्या सही-शिक्क्याच्या नकलेमागे शिक्का होता: अर्ज १७ जानेवारी, नक्कल तयार २७ जानेवारी, नक्कल दिली ३ फेब्रुवारी. ती तिथेच थांबली.

रोज रांगेत कोण उभे राहणार, म्हणून या कार्यालयाचा रिवाज असा की सगळ्या नकला मंगळवारी सकाळी एकदम आणायच्या. सत्तावीस तारखेला मंगळवारच होता. पण ही नक्कल दुपारी तयार झाली आणि पुढच्या मंगळवारपर्यंत खिडकीमागे पडून राहिली. तक्त्यात नकलेसाठी रकाना एकच. त्यात ती हाती आल्याची तारीख पडे, आणि तोवरचे सगळे दिवस मुदतीतून वगळले जात. कायदा मात्र नक्कल तयार होईपर्यंतचेच दिवस मुदतीतून वगळतो. त्यानंतरचा आळस तो पक्षकाराच्या खात्यावर मांडतो.

तिने कोऱ्या कागदावर रेघा ओढल्या.

निकाल | १२ जानेवारी (हा दिवस धरायचा नाही)
अपिलाचे तीस दिवस पुरे | ११ फेब्रुवारी
नकलेचे वगळायचे दिवस | १७ ते २७ जानेवारी, दोन्ही धरून ११
अखेरचा दिवस | २२ फेब्रुवारी, रविवार
न्यायालय उघडते | २३ फेब्रुवारी, सोमवार

म्हणजे आज.

ठाकूरसाहेबांनी कागद दोन बोटांत धरला. "एवढं काय त्यात? उशीर झालाच तर विलंबमाफीचा अर्ज टाकू. कोर्ट माफ करतं गं."

"करील, सर. पण उशिरा अपील केलं, तर ते ऐकायचं ठरेपर्यंत बजावणीला स्थगिती मागता येत नाही. तोवर बेलिफ येऊन जाईल. मग आपण जिंकू, आणि घर नसेल."

"तक्त्यात तर दोन मार्च आहे."

"तक्ता मंगळवार मोजतो, सर. कायदा मोजत नाही."

ठाकूरसाहेबांनी कागद परत केला. विद्वत्तेचा पराभव झाला की काही माणसे विद्वत्तेचा स्वर आणखी खाली नेतात. "बरं, जा. पण पक्षकारासमोर हे बोलायचं नाही."

पक्षकार दारातच उभी होती. "मला काय कलत नाय साहेब," ठमाबाई म्हणाली, "पन घाई हाय एवढं कललं. कुटं अंगठा देऊ?"

पुढचे दोन तास शाई, कोर्ट-फीची तिकिटे, पृष्ठांक आणि झेरॉक्सवाल्याच्या मिनतवाऱ्यांत गेले. स्थगितीचा अर्ज प्राजक्ताने सोबतच जोडला. दाखल खिडकीवरच्या कारकुनाने नक्कल उलटी केली, शिक्का वाचला, बोटांवर मोजले आणि वर पाहिले. "शेवटच्या दिवशी येता होय मॅडम?" त्याने आवक शिक्का मारला. २३ फेब्रुवारी.

"झालं?" ठमाबाईने विचारले.

"अपील वेळेत आलं, मावशी. घर वाचलं असं नाही. उद्या न्यायाधीशांकडे बजावणी थांबवायची मागणी करू. ऐकतील की नाही, सांगता येत नाही."

"मंग भट्टीवर जाऊ का?"

"उद्या नको. उद्या इथंच या."

"मजुरी बुडंल." ठमाबाईने पदराला अंगठ्याची शाई पुसली; ती निघाली नाही. "येते. घर बुडण्यापरीस ते बरं."

प्राजक्ता कार्यालयात परतली, तेव्हा ठाकूरसाहेब एका नव्या पक्षकाराकडे पडदा वळवत होते. "आमच्याकडे मुदत चुकणं शक्यच नाही," ते सांगत होते. "आजचंच बघा ना, आठवडाभर आधी अपील दाखल केलं."

पडद्यावर ठमाबाईची ओळ अजून हिरवी होती. प्राजक्ता पुढे झाली, "एक मिनिट, सर," म्हणाली, आणि नव्या पक्षकाराच्या देखत तिने तक्त्यात 'नक्कल तयार' असा दुसरा रकाना घातला.