सकाळची मूठ

घाटकोपरच्या त्या वस्तीत पाणी पहाटे येतं आणि कुणासाठी थांबत नाही. नळाला पाइप लावायचा, पिंप भरायचं, मागची बाई शिव्या घालायच्या आत पाइप काढायचा. हे काम घरातल्या सुनेचं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारू नका. ठरलेलंच असतं.

चार महिने झाले, संघमित्राला ते जमत नव्हतं. पाइप हातात घेऊन ती नळासमोर उभी राहायची आणि बोटं मिटायचीच नाहीत. रात्रभर कुणी हातात सिमेंट ओतून ठेवल्यासारखं. मग तिची सासू द्रौपदी, दोन्ही गुडघ्यांनी वाकडी झालेली बाई, भिंतीला धरत यायची, तिच्या हातातून पाइप हिसकायची आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायची.

"राहू दे, राणीसाहेब. माझे गुडघे आहेतच मरायला."

सासूला ती आत्या म्हणायची. "आत्या, खरंच वळत नाहीत हो बोटं."

"आणि दुपारी कामावर वळतात. पगाराला वळतात, पाण्याला नाही."

हे मात्र खरं होतं. अंधेरीच्या दागिन्यांच्या कारखान्यात संघमित्रा चिमट्याने बारीक खडे बसवायची. पोचल्यावरही पहिला तासभर हात साथ द्यायचे नाहीत, खडे सांडायचे, सुपरवायझर डोळे वटारायचा. दुपारकडे हात सैल व्हायचे. दुखायचं तेव्हाही, पण चालायचे. आणि संध्याकाळी घरी भाकरी थापताना द्रौपदी तिच्या हातांकडे बघत बसायची, चोर पकडल्यासारखी.

द्रौपदीचा हिशेब सरळ होता. आयुष्यभर तिने लोकांच्या घरची लादी पुसली. तिचं दुखणं कामाने वाढायचं, बसलं की उतरायचं. सकाळी उठली की पाच-दहा मिनिटं पाय आखडलेले, मग सुटायचे. खरा ठणका संध्याकाळी. तिच्या लेखी दुखणं म्हणजे हेच. रात्रभर झोपून उठलेल्या बाईला सकाळीच दुखतं, हे तिने कधी ऐकलं नव्हतं. जे आपल्या अंगात झालं नाही ते दुसऱ्याचं नाटक. अर्ध्या बायकांची आयुष्यं याच न्यायाने संपतात.

नवऱ्याने, धम्मपालने, मध्ये पडायला हवं होतं. तो मॉलच्या सिक्युरिटीची रात्रपाळी करून सकाळी यायचा आणि झोपायचा. "आईच्या गोळ्यातली एक घे ना यार," म्हणायचा. संघमित्रा घ्यायची. दुखणं थोडं दबायचं, सूज जायची नाही.

मग द्रौपदीचे गुडघे दाखवायला दोघी पालिकेच्या इस्पितळात हाडाच्या डॉक्टरांकडे गेल्या. संघमित्रा फक्त सोबतीला, सासूचा हात धरायला.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. एक्स-रे दिव्यावर लावून म्हणाले, "झीज आहे, मावशी. गादी पातळ झाली. वजन कमी करा, मांडीचे व्यायाम शिकवतो. सकाळी किती वेळ आखडतं?"

"पाच-दहा मिनिटं, साहेब. मी काय हिच्यासारखी नाय." द्रौपदीने मानेने सुनेकडे दाखवलं. तक्रार करायला एवढा मोठा माणूस रोज कुठे मिळतो? "ही बघा. तिशी नाही झाली. सकाळी अकरापर्यंत मूठ वळत नाही म्हणते. बसून राहिली की जास्त दुखतं म्हणते, काम केलं की सुटतं म्हणते. दोन्ही हातांना एकदम होतं म्हणते. असं दुखणं असतं का कुठं? सांगा तिला तुम्हीच."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"परत सांगा. अकरापर्यंत?"

"रोज."

"तुम्ही इकडे या," ते संघमित्राला म्हणाले. "हात द्या."

त्यांनी बोटांच्या मुळाशी हात घातला आणि चारही सांधे आडवे हलकेच दाबले. संघमित्राच्या तोंडून असा आवाज निघाला की बाहेर रांगेतली माणसं गप्प झाली. दुसरा हात. तोच आवाज. द्रौपदी खुर्चीत सरकून बसली. नाटक एवढ्या पटकन करता येत नाही, हे तिलाही कळत होतं. 

"सूज मऊ आहे, गरम आहे," डॉक्टर म्हणाले. "झिजेची गाठ टणक असते, हाडासारखी. हे वेगळं आहे. रक्त तपासा आणि संधिवाताच्या ओपीडीत जा. याच आठवड्यात. थांबू नका."

पहिला रिपोर्ट आला तो आरए फॅक्टरचा, संधिवाताच्या रक्तचाचणीचा. निगेटिव्ह.

द्रौपदीने तो कागद धम्मपालला दाखवला. आपल्याला वाचता येत नाही याची लाज तिला त्या दिवशी वाटली नाही. "काय लिहिलंय?"

"निगेटिव्ह. म्हणजे काय नाय झालंय."

"मी काय म्हणत होते?"

"अजून एक रिपोर्ट यायचाय," संघमित्रा म्हणाली. "आणि त्या ओपीडीत जायचंय."

"कशाला?" धम्मपाल म्हणाला. "सुट्ट्या मारून नोकरी घालवशील. पुढच्या महिन्यात बघू."

"डॉक्टर म्हणाले थांबू नका."

"संघमित्रा, रिपोर्ट खोटा आहे का?"

"मग हात खोटा आहे का?" तिने हात त्याच्या तोंडासमोर धरला. "दाब. त्यांनी दाबला तसा दाब. तू नवरा ना माझा? दाब."

धम्मपालने हात पुढे केला आणि मागे घेतला. तो त्या दिवशी झोपला नाही, पण तिच्यासोबत आलाही नाही.

ती एकटी गेली. तिथल्या डॉक्टर नीलम मॅडमनी सासूच्या गुडघ्यांपासून सगळं ऐकून घेतलं, नवे रिपोर्ट बघितले, हातांचा एक्स-रे काढवून घेतला.

"एक निगेटिव्ह आला म्हणून घरात मिरवणूक निघाली असेल," त्या म्हणाल्या. "बऱ्याच जणांचा तो निगेटिव्ह येतो. पण संधिवाताची दुसरी चाचणी, अँटी-सीसीपी, तुझी खूप वाढलीय. ईएसआर, सीआरपीही. म्हणजे आत आग आहे. तुझ्या शरीराचे शिपाई तुझ्याच सांध्याच्या अस्तरावर तुटून पडलेत. सासूचं झिजतंय. तुझं खाल्लं जातंय."

त्यांनी एक्स-रेवर बोट ठेवलं. एका सांध्याच्या कडेला हाड किंचित कुरतडलेलं.

"हे परत भरत नाही. बाकीचं अजून शाबूत आहे. सुरुवातीचे महिने सोन्याचे असतात, तेव्हा औषध बसलं तर सांधे वाचतात. मुलं?"

"दोन. ऑपरेशन झालंय."

"बरं. या औषधावर गरोदर राहून चालत नाही, म्हणून विचारलं. ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज घेतलीस तर जिवावर बेतेल. दुसरी फॉलिक ॲसिडची, वेगळ्या दिवशी. दोन-तीन महिने धीर धर, लगेच फरक दिसणार नाही. लिव्हर आणि रक्त तपासत राहू. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही."

संघमित्रा त्या कुरतडलेल्या कडेकडे बघत राहिली. पुढच्या महिन्यात बघू, धम्मपाल म्हणाला होता.

घरी तिने सगळं सांगितलं, आवाज न चढवता. धम्मपाल खाली बघून ऐकत होता. द्रौपदी गुडघे चोळत म्हणाली, "एवढी जोरदार गोळी आहे तर मला पण एक दे. माझंही वाताचंच आहे."

"नाही."

"सासूला नाही म्हणतेस?"

"आत्या, तुमचे गुडघे झिजलेत. त्याला ही गोळी लागत नाही, विष होईल. आणि माझ्या हाताला तुमची गोळी पुरत नाही. चार महिने आपण दोघी एकच दुखणं समजून बसलो. त्यात माझं एक हाड गेलं."

 द्रौपदी माफी मागणारी नव्हती, आणि संघमित्रानेही ती मागावी म्हणून वाट बघितली नाही. तिने गोळ्या पत्र्याच्या डब्यात घातल्या, डबा मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला आणि धम्मपालकडे वळली.

"उद्यापासून पाणी तू भरायचं. पाळी संपवून आलास की नळावर जायचं, मग झोपायचं."

"पाणी माझ्या आधी येतं."

"मग पाळी बदलून घे. माझे हात बदलून मिळणार नाहीत."

त्याने आईकडे बघितलं. द्रौपदी भिंतीकडे बघत होती.

"बोलतो उद्या सुपरवायझरशी," तो म्हणाला.

"उद्या नाही. फोन कर. आत्ता."

त्याने खिशातून फोन काढला.